तीन पॉइंट आणि पॉइंट तीन

आमच्या वर्कशॉपातला एक शब्द आधी समजावून सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट वाचताना वाचकांना, आणि विशेषतः फराळाची ताटं भरता भरता हे सदर वाचणाऱ्या भगिनींना, अडखळायला होणार नाही. तो शब्द म्हणजे 'पॉइंट'. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला आम्ही टर्नर लोक एक पॉइंट म्हणत असू. माणसाच्या डोक्यावरचा केस सहासात पॉइंट जाड असतो, एवढ्यावरून अंदाज यावा. 'दोन पॉइंट काढ' म्हटलं की केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं लोखंड काढायचं. हे बोलणं आमच्या अंगवळणी इतकं पडलेलं होतं, की घरी बायकोनं भाजीत मीठ जास्त झालंय का म्हणून विचारलं, तर 'एक पॉइंट' असं उत्तर तोंडून निघून जाई आणि पुढचा अर्धा तास शांततेत जाई.

आता 'तीन पॉइंट' म्हणजे ०.०३ मिलिमीटर. पण हेच शब्द उलटे करून 'पॉइंट तीन' म्हटलं, तर ते झालं ०.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दसपट. बोलताना दोहोंत फरक तो काय, शब्द मागचा पुढं झाला एवढाच. त्या एवढ्याशा फरकानं १९८७ सालच्या दिवाळीत आमच्या अकरा जणांचा बोनस टांगणीला लावला होता.

आमचं वर्कशॉप भिंगारला. नगरहून पाथर्डीकडे निघालात की किल्ला मागे पडल्यावर भिंगार लागतं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण ही गोष्ट जुनी असल्यामुळे मी नगरच म्हणतो. भिंगार तसं इतिहासातलं गाव. औरंगजेबानं १७०७ साली अखेरचा श्वास घेतला तो इथेच. आम्हांला मात्र बादशहापेक्षा लष्कराचा कँप जवळचा. सकाळी तिकडून बिगुल ऐकू आला की इकडे आम्ही डबे उचलायचे, असा शिरस्ता. नगरला चिलखती दलाचं केंद्र असल्यामुळे रणगाड्यांची घरघरही कानांना परकी नव्हती. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, चार लेथ, दोन ड्रिलिंग मशिनं, एक शेपर आणि एक मिलिंग मशिन, जे महिन्यातले दहा दिवस आजारी असे.

फोरमन होते तात्या. तात्यांचं शिक्षण किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण मशिनचा आवाज ऐकून टूल बोथट झाल्याचं ते शेडच्या दुसऱ्या टोकाहून सांगत. त्यांचा एकच मंत्र होता : "ड्रॉइंग म्हणजे देव. देवाला प्रश्न विचारायचे नाहीत." माणूस शिस्तीचा, आणि मंत्र वाईट नव्हता. प्रत्येक कामगार आपल्या अकलेनं मापं बदलू लागला, तर दहा नगांचे दहा प्रकार व्हायचे.

त्या साली आमच्याकडे सदू नावाचा एक पोरगा शिकाऊ म्हणून आला. आयटीआयची परीक्षा पास होऊन, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभरासाठी आलेला. अंगानं काटकुळा, बोलणं कमी, आणि खिशाला कायम एक पेन्सिल. वडिलांचं भिंगारमध्येच सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे छर्रे, कोन, कप असल्या गोष्टींत तो लहानाचा मोठा झालेला. तात्यांनी त्याला माझ्या लेथवर दिला. त्याचं काम असं, की मी नग उतरवला की कडा कानशीनं साफ करायच्या, माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं.

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्याकडे पुण्याहून एक काम आलं. शेतीच्या पाण्याचे पंप बनवणारे एक कारखानदार होते, त्यांची साठ बेअरिंग हौसिंगं. हौसिंग म्हणजे बिडाचं ओतीव घर. त्यात एक आरपार भोक करायचं आणि त्या भोकात बेअरिंग बसवायचं. बेअरिंगमधून पंपाचा दांडा फिरतो. ह्या भोकालाच आम्ही बोअर म्हणतो. शनिवारपर्यंत माल दिला, तर बिल लगेच मिळणार होतं आणि मालकांनी सांगून ठेवलं होतं की बिल आलं की त्यातूनच बोनस. त्यामुळे त्या साठ ओतिवांकडे आम्ही चकल्या-करंज्यांच्या नजरेनं पाहत होतो.

ड्रॉइंगवर बोअरचं माप होतं ५२, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत +०.३०, खाली ०. ह्याचा अर्थ असा : बोअर ५२ मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही आणि ५२.३० पेक्षा मोठा चालणार नाही. ह्या दोहोंच्या दरम्यान कुठेही आला तरी पास. तात्या म्हणाले, "मोकळं काम आहे. मध्यावर धर, रात्रपाळी लाव आणि उरकून टाक." खरंच मोकळं होतं. तीस पॉइंटांची मुभा म्हणजे आमच्या धंद्यात मैदानच. टूल एकदा लावलं की बारा नग न मोजता काढावेत.

बुधवारी दुपारी मी पहिला नग फेसप्लेटवर बांधला. आधी ५१.५ पर्यंत जाडाभरडा कट, मग शेवटचा बारीक कट. सदूनं डायल बोअर गेज घातलं. हे उपकरण बोअरमध्ये घालून पुढेमागे हळूच झुलवायचं असतं. काटा एका बाजूला जात जात एका ठिकाणाहून परत फिरतो, ते परतीचं ठिकाण म्हणजे खरं माप. सदूनं तीनदा झुलवलं, नग फिरवून आडव्या दिशेनं पुन्हा झुलवलं आणि वहीत लिहिलं : ५२.१४. ड्रॉइंगप्रमाणे अगदी छान. मी दुसरा नग बांधायला घेतला.

पण सदू जागचा हलला नाही. पार्टीनं ओतिवांबरोबर एक लाकडी डबी पाठवली होती, ती त्यानं उघडली. आत प्लग गेज होतं. हे म्हणजे दोन्ही टोकांना घासूनपुसून चकचकीत केलेले दोन दट्टे असलेला दांडा. एक टोक लांब, त्याला 'गो' म्हणतात. ते बोअरमध्ये गेलंच पाहिजे. दुसरं टोक आखूड, त्याच्याजवळ तांबडा पट्टा. ते 'नो गो', ते आत जाताच कामा नये. गेलं, तर बोअर मोठा झाला. आयाबायांना सांगायचं, तर डब्याला झाकण बसलं पाहिजे, पण झाकणासकट डबा उलटा केला तर ते गळून पडता कामा नये, तशातली ही परीक्षा. दांड्यावर कोरलं होतं : ५२ एच ७.

सदूनं गो टोक घातलं, गेलं. तांबड्या पट्ट्याचं टोक लावलं, तेही गेलं. नुसतं गेलं नाही, आत जाऊन खुळखुळलं.

"काका," तो म्हणाला, "नो गो जातंय."

"आत्ताच कापलाय. गरम असेल," मी म्हणालो. हे उत्तर काही टाळाटाळीचं नव्हतं. कापताना बीड तापतं आणि तापलं की फुगतं, भोकही मोठं होतं. म्हणून गरम नगाचं माप खरं धरायचं नाही, हा पहिल्या वर्षाचा धडा.

सदूनं नग पंख्याखाली ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी आकडेमोड करत बसला. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा गेज लावलं. पुन्हा खुळखुळ.

"काका, बघा. बीड पंधरा अंश जास्त गरम होतं असं धरलं, तरी बावन्न मिलिमीटरच्या भोकात फरक पडतो एक पॉइंटाचा, तोही पुरता नाही. एच सातचं नो गो म्हणजे ५२.०३. आपला बोअर ५२.१४. अकरा पॉइंट कुठून आले? उष्णतेनं एवढं व्हायचं तर नग लालबुंद नाही, पण हात लावता येणार नाही इतका तापायला हवा होता."

मी चरकलोच. गेजवरचं 'एच ७' हे काही कुणी मनानं कोरत नाही. बोअर किती सैल चालेल ह्याच्या ठरीव प्रती असतात, आणि बावन्नच्या मापाला एच सात म्हणजे शून्य ते तीन पॉइंट, ह्यात जगभर फरक नाही. ड्रॉइंग म्हणत होतं तीस पॉइंट, गेज म्हणत होतं तीन. दोघंही एकाच पार्टीचे. मग खरं कोण?

तात्यांना हाक मारली. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, गेज पाहिलं आणि डबी बंद केली. "दुसऱ्या कामाचं गेज चुकून आलं असेल. सही कशावर आहे? ड्रॉइंगवर. गेजवर सही असते का?"

"नाही तात्या. पण बेअरिंग..."

"काय बेअरिंग?"

सदूनं ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या यादीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं : बेअरिंग ६२०५. ह्या आकड्यात गंमत असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की बेअरिंगच्या आतल्या भोकाचं माप येतं, म्हणजे पाच पंचे पंचवीस. आणि ६२०५ ची बाहेरची कडी असते बरोबर बावन्न मिलिमीटर. झाली तर एखाददुसऱ्या पॉइंटानं बारीक होईल, जाड कधीच होणार नाही. कुठल्याही कंपनीचं घ्या, कुठल्याही देशातलं घ्या.

"बेअरिंग बावन्नचं," सदू म्हणाला, "आणि घर ५२.३० चं चालेल, असं कसं म्हणतील? आणि इथं बघा, बोअरवर तीन त्रिकोण काढलेत." जुन्या ड्रॉइंगमध्ये पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे त्रिकोणांनी दाखवत, एक त्रिकोण म्हणजे खरखरीत चालेल, तीन म्हणजे चांगला साफ हवा. "भिंत तीन त्रिकोणांची मागायची आणि माप गाडीच्या चाकाएवढं ढिलं ठेवायचं, हे एकमेकांशी जुळत नाही."

तात्या काही बोलले नाहीत. सदूनं मग स्टोअरमधून एक ६२०५ मागून आणलं, त्याचं कागदी वेष्टन काढलं आणि हौसिंगच्या तोंडावर ठेवून हात सोडला. बेअरिंग आपल्या वजनानं खाली गेलं आणि तळाच्या खांद्यावर 'टक्' करून आपटलं. चांगल्या बसवणुकीत ते असं पडत नाही. सरळ धरून अंगठ्यानं दाबावं लागतं, आणि ते किंचित कुरकुरत आत सरकतं.

"आमच्या दुकानात सायकलच्या चाकाला प्ले आला की बाबा असंच हलवून दाखवतात," सदू म्हणाला. "त्यात छर्रे कितीही नवे घाला, आठ दिवसांत कप खातो."

तो बोलला त्यात सगळं आलं, पण वाचकांसाठी जरा उलगडतो. बेअरिंगची आतली कडी दांड्याबरोबर फिरते. बाहेरच्या कडीनं हौसिंगमध्ये गप्प बसायचं असतं. घर ढिलं असेल तर बाहेरची कडीही सावकाश सरकू लागते. पोलादाची कडी, बिडाचं घर. बीड झिजतं, आणि कडेनं तांबूस तपकिरी भुकटी बाहेर येऊ लागते. ती दिसली की समजावं, घर खाल्लं जातंय. तिकडे दांडाही मधोमध राहत नाही. पंपाचा पंखा एका बाजूला घासतो, ग्लँडमधून पाणी गळायला लागतं. शेतकरी बिचारा ग्लँड आवळतो, दोरी बदलतो, नवं बेअरिंग आणतो. नवं बेअरिंग आणखी ढिलं बसतं. दोष त्याच्या विहिरीवर नसतोच; तो वर्षभरापूर्वी कुणाच्या तरी लेथवर झालेला असतो.

आणि बोअरची आणखी एक अडचण अशी, की ती एकमार्गी वाट आहे. दांडा जाड राहिला तर पुन्हा कापता येतो. भोक लहान राहिलं तर मोठं करता येतं. मोठं झालेलं भोक मात्र लहान होत नाही.

तात्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लागला. कचेरीत एक कारकून होता, तो म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत. ड्रॉइंगवर सही आहे ना? मग तसंच करा. शनिवारचं विसरू नका." फोन बंद. तात्यांचा देव तात्यांना कौल देऊन मोकळा झाला होता. आता रात्रपाळीला एकोणसाठ नग कापले, तर कायद्यानं आमच्याकडे बोट दाखवता येणार नव्हतं. पैसे मिळाले असते, बोनस झाला असता. शेडमध्ये हळूहळू सगळे जमले होते, आणि त्यातल्या दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं. एकाच्या बहिणीची पहिली दिवाळी होती. त्याला दोष देववत नाही.

मला वाटलं, आता पोरगा पेन्सिल काढून ड्रॉइंगवरचं एक शून्य इकडचं तिकडं करतो की काय. तसं झालं असतं तर तात्यांनी त्याला त्याच पावली घरी पाठवला असता, आणि योग्यच केलं असतं. कारण शॉपमधल्या माणसानं ड्रॉइंगला हात लावायचा नसतो, मग त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं का असेना. सदूनं ड्रॉइंगला हात लावला नाही. त्यानं वही पुढं केली. पहिल्या नगासमोर लिहिलेलं होतं : 'बोअर ५२.१४. ड्रॉइंगप्रमाणे पास. गेजप्रमाणे नापास. बेअरिंग ६२०५ आपोआप पडते. शंका.' चूक असा शब्द त्यात कुठे नव्हता.

मग तो तात्यांना म्हणाला, "तात्या, रात्रपाळी बंद नका ठेवू. ड्रॉइंग खरं असो नाहीतर गेज खरं असो, ५१.५ पर्यंत तर सगळे नग न्यावेच लागणार. तेवढं रात्रीत काढू. शेवटचा अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवू. उद्या जे ठरेल ते."

तात्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकावन्न पाच. त्याच्या पुढं एक पॉइंट जाशील तर हात तोडीन." ही तात्यांची संमती होती. आणि मालकांना घरी निरोप गेला, की पुण्याच्या साहेबांना रात्री घरी गाठा.

गुरुवारी दुपारी एसटीनं पुण्याहून एक वयस्क गृहस्थ आले. जाड भिंगांचा चष्मा, हातात ड्रॉइंगची लांब नळकांडी, कोटाच्या खिशात पट्टी. त्या कारखान्याचे जुने ड्राफ्ट्समन. चहासुद्धा न घेता त्यांनी नळकांडीतून मूळ ट्रेसिंग काढलं आणि टेबलावर पसरलं. त्यावर स्वच्छ होतं : ५२, +०.०३, ०.

घडलं ते असं. मूळ ट्रेसिंग ह्या गृहस्थांकडे दुसऱ्या ठिकाणी दुरुस्तीसाठी होतं. इकडे काम घाईचं, म्हणून जुन्या पुसट छापावरून नवं ड्रॉइंग काढायला एका नव्या मुलाला बसवलं. वरचा आकडा वाचता येईना, म्हणून त्यानं फोन करून विचारलं. ह्यांनी सांगितलं, "प्लस तीन पॉइंट." त्या मुलानं ऐकलं "पॉइंट तीन", आणि बाकीच्या मापांना दशांशचिन्हापुढे दोन घरं होती म्हणून नीटनेटकेपणानं शेवटी एक शून्य जोडून ०.३० लिहिलं. तपासणाऱ्यानं सही केली. ०.३० दिसायला इतकं व्यवस्थित दिसतं, की डोळा त्यावर अडतच नाही. वेडंवाकडं लिहिलेलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं.

आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडमध्येच असं होतं असं समजू नका. स्पेननं एस-८० जातीची पाणबुडी बांधायला घेतली आणि २०१३ साली उघड झालं की ती सत्तरहून अधिक टनांनी जड झाली आहे; पाण्यात बुडवली तर वर येण्याचीच खात्री देता येईना. हिशेबात कुणीतरी दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं होतं आणि ते पुढं कुणी तपासलं नाही, असं तिथल्या एका माजी अधिकाऱ्यानं तेव्हा सांगितलं. शेवटी पाणबुडी लांब करावी लागली. पाणबुडीच्या वजनाला नो गो गेज नसतं, हीच तिथली पंचाईत.

ड्राफ्ट्समननी सुधारलेला छाप दिला, त्यावर दुरुस्तीची तारीख घालून सही केली आणि जुना छाप आमच्यासमोर टराटरा फाडला. मापापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं 'एच ७' असंही लिहिलं. म्हणाले, "आता एक शून्य हललं तरी अक्षर ओरडेल." मग विचारलं, "शंका कुणी काढली?"

सदू पाठीमागे हात बांधून उभा होता. तात्यांनी नुसतं हनुवटीनं दाखवलं. त्या गृहस्थांनी वही मागितली, चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली, आणि खिशातल्या डायरीत जशीच्या तशी उतरून घेतली. नंतर हलक्या आवाजात सदूला म्हणाले, "तो मुलगा नवा आहे. तुझ्याच वयाचा. 'शंका' लिहिलंस, बरं झालं." आणि मगच त्यांनी चहाचा कप उचलला.

पुढचं काम कठीण होतं. तीस पॉइंटांचं मैदान आता तीन पॉइंटांची गल्ली झालं होतं. एकोणसाठ नगांचा प्रत्येक बोअर ५२.०१ च्या आसपास धरायचा. टूलला थोडी झीज झाली की माप सरकतं. म्हणून दर नगाला मोजणं, दर चारपाच नगांनी टूलला दगड मारणं, आणि गरम नगाला घाईनं गेज न लावणं. सदूनं पंख्याखाली नगांची रांग लावली, खडूनं क्रमांक टाकले आणि आलटून पालटून निवलेल्या नगांची मापं घेऊ लागला, म्हणजे माझं मशिन थांबायला नको. गुरुवारची रात्र आणि शुक्रवारचा दिवस आम्ही दोघांनी आणि शेजारच्या लेथवरच्या माणसानं मिळून काढला. ज्याच्या बहिणीची पहिली दिवाळी होती, तोच तो.

शनिवारी टेम्पो निघाला तेव्हा नग एकोणसाठ होते. बिलातून एका नगाचे पैसे वजा झाले. बोनस मिळाला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, पाकिटातून.

साठावा नग, तो ५२.१४ वाला, तात्यांनी पार्टीला दिला नाही आणि भंगारातही टाकला नाही. दिवाळी झाल्यावर त्यांनी तो सदूच्या पुढ्यात ठेवला. "मोठं भोक लहान होत नाही म्हणता ना? करून दाखव." मग त्यांनीच शिकवलं. बोअर आणखी वाढवून ५८ चा केला. बिडाचं एक कडं वळवलं, बाहेरून ५८ पेक्षा चार पॉइंट जाड, आतून अंमळ लहान. ते प्रेसखाली सरळ धरून दाबून बसवलं. चार पॉइंटांच्या आवळपणामुळे ते जागचं हलत नाही. मग आतून पुन्हा बोअर केला. सदूनं स्वतः शेवटचा कट घेतला आणि नग पंख्याखाली ठेवून चांगला तासभर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर गेज लावलं. गो गेलं. तांबडा पट्टा तोंडाशीच अडला.

तात्यांनी त्या दिवसापासून हुकूम काढला, की फोनवर कुणी 'पॉइंट' म्हणायचं नाही. 'शून्य दशांश शून्य तीन' असं पूर्ण म्हणायचं. हा हुकूम आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी तात्या स्वतःच फोनवर ओरडले, "अहो, चार पॉइंट, चार पॉइंट!" तेवढ्यात कोपऱ्यातून सदूचा आवाज आला, "तात्या, म्हणजे चाळीस मायक्रॉन ना?" आणि तात्यांनी फोनमध्ये, दात ओठ खात, "चाळीस मायक्रॉन" असं सांगितलं.